बाही सव्वा इंच कमी करा काका

मागच्या शनिवारची गोष्ट. माझं अल्टरेशनचं छोटं दुकान आहे ठाण्यात, राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे सेल लागला की आमच्याकडे पिशव्या यायला लागतात. दुपारी एक मुलगा आला, आई सोबत, ऐरोलीला नवीन जॉब लागलाय, सोमवारी जॉइनिंग. तीन फुल शर्ट, सगळे ४२ साइजचे. "काका, बाही सव्वा इंच कमी करून द्या फक्त."

मी म्हटलं आधी घालून दाखव. बरेच जण कंटाळतात घालायला, पण शर्ट अंगावर बघितल्याशिवाय मी कैची हातात घेत नाही, एकदा मार खाल्लाय त्यात. घातला तर कफ पार अंगठ्याच्या मुळापर्यंत आलेला, म्हणजे सव्वा इंच जास्त हे बरोबरच होतं. पण माझं लक्ष वर गेलं. मुंढ्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला पाहिजे ती दंडावर उतरलेली, आणि तिच्या खाली कापडाचा फुगा. टेप लावला. शर्टाचा शोल्डर साडेएकोणीस, पोराचा अठरा. म्हणजे एकेका बाजूला पाऊण इंच जास्त.

विचारलं, ४२ का घेतला रे? तर ४० पोटावर ताणला जात होता म्हणे. झालं, इथेच गडबड असते. पोट बघून साइज वाढवली की शोल्डर पण वाढतो, आणि शोल्डर खाली उतरला की अख्खी बाही त्याच्याबरोबर खाली सरकते. सव्वा इंचातला पाऊण इंच शोल्डरचा होता, बाही स्वतः जास्त होती फक्त अर्धा इंच.

आई म्हणाल्या, "मग दोन्ही करा ना, बाही पण आणि शोल्डर पण." त्यांना समजावलं की ताई, शोल्डर पाऊण इंच आत घेतला की कफ आपोआप पाऊण इंच वर जाणार, आणि वर परत सव्वा इंच कापली तर कॉलेजच्या पोरांसारखं मनगट उघडं पडेल. उरलेला अर्धा इंच राहू दे, कॉटन आहे, धुतल्यावर थोडं आटतं आणि हात वाकवला की बाही वर चढतेच.

तेव्हा पोराने हळूच तिसरा शर्ट काढला. तो त्याने आधीच घराजवळ दुसरीकडे कापून आणला होता, कफ काढून सव्वा इंच बाही छाटून कफ परत लावलेला. काम स्वच्छ होतं, खोटं कशाला बोलू. पण कफच्या वरची ती चिरेची पट्टी असते ना, ती तेवढीच आखूड झालेली आणि तिच्यावरचं छोटं बटण कफला चिकटल्यासारखं दिसत होतं. आणि शोल्डर तसाच दंडावर. आता याचा शोल्डर बरोबर केला तर बाही पाऊण इंच तोकडी, आणि ती वाढवायला कापड आणणार कुठून, कफच्या शिवणीत दाब जेमतेम सेंटीमीटरभर असतो.

दोन चांगल्या शर्टांचं काम संध्याकाळी घेतलं. वेळखाऊ काम आहे हे. रेडीमेडमध्ये मुंढ्याला दुमडून डबल टीप असते, ती ब्लेडने नाही, उसवणीने एकेक टाका काढत उसवायची, नाहीतर कापडाला भोक. बगलेत बाजूची शिवण पण दोन-तीन इंच खोलावी लागते. मग खांद्यावर पाऊण इंचाची खूण, आणि तिथून मुंढ्याच्या अर्ध्यापर्यंत शून्यावर आणत खडूची रेघ. सरळ खाली पाऊण इंच कापत गेलं तर छाती आणि पाठ आवळते. कापल्यावर मुंढा जरा मोठा होतो आणि बाही तेवढीच, म्हणून बगलेत बॉडी थोडी दाबून दोन्ही जुळवले. छातीत ढगळ होताच, पोटाला हात नाही लावला. आधी धावदोरा घालून ट्रायल, लोकलची कडी धरल्यासारखा हात वर करायला लावला, शर्ट पँटमधून बाहेर आला नाही, मग पक्की टीप.

हे सगळं प्लेन शर्टात जमतं. चेक्स असते तर मुंढ्यावर रेघा सरकल्या असत्या, आणि एका बाजूला इंचापेक्षा जास्त घ्यायचं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, खिसा मुंढ्याला जाऊन भिडतो. आणि शोल्डर कमी पडत असेल तर त्याला इलाजच नाही, टॅग असेल तोवर दुकानात बदलून घ्यायचा.

तिसऱ्या शर्टाचं काय करायचं यावर मायलेकात जरा वाद झाला. शेवटी शोल्डर आत घेतला आणि बाही कोपराच्या वर कापून हाफ शर्ट करून दिला. शुक्रवारी ऑफिसला तोच घालतो म्हणाला.