आमची वाटचाल : दुरुस्ती पुढच्या उन्हाळ्यात, खर्च आजच्या बिलाबरोबर

आम्ही घरगुती आणि बागेसाठीचे सिंगल फेज मोनोब्लॉक पंप बनवतो. विक्री थोडी होती तोवर वॉरंटीचा हिशोब सोपा होता : तक्रार आली, मेकॅनिक गेला, खर्च त्या महिन्यात टाकला. पंप डीलरमार्फत जायला लागले तसं ते पुरेनासं झालं. दिवाळीच्या सुमारास गेलेल्या मालाचा नफा चालू वर्षात दिसायचा आणि त्याच पंपांची वाइंडिंग जळायची एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षाच्या खात्यात. लेखा मानक 29 नुसार आता पंप विकतानाच त्याच्या संभाव्य दुरुस्तीची तरतूद आम्ही धरतो.

दर काढताना आम्ही पंपाच्या किमतीचा टक्का धरत नाही, बिघाडाचा प्रकार धरतो. (खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.) शंभर पंपांमागे 3 सील गळतात, 2 कपॅसिटर जातात, 1 वाइंडिंग जळते. सीलला सुटा भाग 180 आणि मेकॅनिकची फेरी 250, असे 430 रुपये. कपॅसिटरला 110 आणि 250, असे 360. वाइंडिंगचा पंप कारखान्यात आणावा लागतो, म्हणून रिवाइंडिंग आणि बेअरिंगचे 1,340 आणि जाण्यायेण्याचं भाडं 450, एकूण 1,790. शंभर पंपांचे 3,800, म्हणजे पंपामागे 38 रुपये. टाकी कोरडी असताना चाललेला पंप यात मोजायचा नाही. तो ओळखू येतो : सील काढल्यावर सिरॅमिकच्या चकतीवर उष्णतेने बारीक तडे गेलेले दिसतात. ती दुरुस्ती ग्राहकाच्या खर्चाने होते.

हे 3, 2 आणि 1 कुठून आणायचे, इथे बहुतेकांचा घोळ होतो. यंदाच्या तक्रारींना यंदाच्या विक्रीने भागायचं नाही. समजा, गेल्या वर्षी 1,600 पंप गेले आणि त्यांच्या पूर्ण वॉरंटी काळात 96 तक्रारी आल्या, तर खरा दर 6 टक्के. यंदा 2,400 पंप गेले आणि वर्षभरात 120 तक्रारी नोंदल्या, तर भागाकार 5 टक्के येतो आणि माल सुधारला असं वाटतं. पण त्या 120 पैकी 45 गेल्या वर्षीच्या पंपांच्या आहेत आणि यंदाच्या पंपांच्या अजून यायच्या आहेत. विक्री वाढत असली की हा दर नेहमी कमीच दिसतो. म्हणून प्रत्येक तक्रार अनुक्रमांकावरून डिस्पॅचच्या महिन्याखाली लिहायची. आमची वॉरंटी ग्राहकाच्या बिलापासून 12 महिने किंवा डिस्पॅचपासून 18 महिने, यांतलं जे आधी संपेल ते. डीलरकडे पंप पडून राहतो तो काळही त्यात येतो, त्यामुळे एखाद्या महिन्याचा दर पक्का व्हायला 18 महिने जातात.

नोंद दर महिन्याला होते. 200 पंप गेले तर वॉरंटी खर्च नावे 7,600, वॉरंटी तरतूद जमा 7,600. पुढे दुरुस्ती झाली की तरतूद खातं नावे आणि सुट्या भागांचा साठा किंवा रोख जमा. ही दुरुस्ती पुन्हा खर्चात टाकली तर एकच रुपया नफ्यातून दोनदा वजा होतो. स्टोअरमधून सील देताना चिठ्ठीवर ‘वॉरंटी’ लिहिलेलं नसेल तर हमखास हेच होतं.

मार्चअखेर शिल्लक तपासायची. 2,400 पंपांची तरतूद 91,200. अपेक्षित 72 सीलपैकी 40, 48 कपॅसिटरपैकी 30 आणि 24 वाइंडिंगपैकी फक्त 5 येऊन गेल्या, खर्च 36,950. तक्रारी निम्म्याहून अधिक आल्या, तरी 54,250 रुपयांचं काम बाकी आहे, कारण महागडी वाइंडिंग उन्हाळ्यातल्या कमी व्होल्टेजमध्ये जळते. नुसत्या तक्रारी मोजून शिल्लक अर्ध्यावर आणणं इथे अंगाशी येईल. मेकॅनिकची फेरी 300 वर गेली असेल तर उरलेल्या 50 फेऱ्यांचे 2,500 वाढवून तरतूद 56,750 करायची आणि फरक याच वर्षाच्या खर्चात घ्यायचा.

कपॅसिटरचा एखादा लॉटच खराब निघाला तर त्यासाठी 38 चा दर हलवायचा नाही. त्या लॉटमधले किती पंप बाहेर आहेत ते मोजून वेगळी रक्कम धरायची, नाहीतर पुढची दोन वर्षं चांगल्या पंपांवरही तो बोजा बसतो. पैसे घेऊन दिलेली वाढीव वॉरंटीही यात मिसळत नाही. ती वेगळी विकलेली सेवा आहे, तिचं उत्पन्न तिच्या काळात विभागून घ्यायचं.

आयकरात ही तरतूद वजावट म्हणून टिकते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये रोटॉर्क कंट्रोल्सच्या प्रकरणात हाताळला. जबाबदारी विक्रीतून आलेली हवी, खर्च होण्याची शक्यता हवी आणि अंदाज पूर्वानुभवाच्या भरवशाच्या आकड्यांवर हवा. त्यामुळे डिस्पॅचनिहाय तक्ता आम्ही छापून फाइलला लावतो. 18 महिने उलटलेल्या महिन्याची उरलेली तरतूद उत्पन्नात परत घेतो. अडीनडीला असू दे म्हणून ती ठेवायची नसते.