फ्रेंडशिप पीकची तयारी: गॉगल आणि त्याच्या फटी

बूट, क्रॅम्पॉन आणि दोराचं काम मागच्या नोंदीत झालं. या नोंदीत फक्त डोळे. मे अखेरीस मनालीजवळच्या सोलांगहून फ्रेंडशिप पीकला (५,२८९ मीटर) जायचं ठरलंय. त्या दिवसांत लेडी लेगच्या कॅम्पपासून वर बहुतेक सगळी वाट बर्फावरून असते. गटातले बरेच जण सह्याद्रीत मुरलेले आहेत, पण हिमालयातल्या बर्फावर त्यांनी पूर्ण दिवस काढलेला नाही. गॉगलचा विषय निघाला की प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: काच किती काळी हवी? माझं मत आता पक्कं झालंय. काळेपणा पुढचा प्रश्न आहे. प्रकाश कुठल्या फटीतून आत येतो आणि गॉगल दिवसभर डोळ्यांवर टिकतो का, हे आधी बघायचं.

गेल्या मोसमात एका खिंडीवर आमच्या दोरावरच्या सोबत्याला हिमांधत्व आलं. तो दिवस मी अजून तपासतो आहे, कारण त्या दिवशी ऊन नव्हतंच. पहाटे अंधारात हेडटॉर्चवर निघालो. उजाडलं तेव्हा सगळीकडे पांढरं धुकं आणि पायाखाली रात्री पडलेला ताजा बर्फ. नाकावर बफ, म्हणजे गळ्यातली कापडी पट्टी, ओढलेला, त्यामुळे श्वास वर जाऊन काचांवर बाष्प धरत होतं. त्याने गॉगल हेल्मेटवर सरकवला. सूर्यच दिसत नाही तर गॉगल कशाला, असा त्याचा हिशेब. आमचा गाईड दोनदा ओरडला, "चश्मा नीचे करो, भाई!" तेवढ्यापुरता खाली आला आणि पुन्हा वर गेला. दुपारपर्यंत त्याला काहीही त्रास झाला नाही, आणि हीच या दुखण्यातली फसवी गोष्ट आहे.

संध्याकाळी तंबूत त्याचे डोळे लाल झाले, पाणी येऊ लागलं. आत वाळू गेल्यासारखं खुपतंय म्हणाला. जेवणाच्या वेळेपर्यंत पापण्या उघडेनात, आणि कुणी हेडटॉर्च त्याच्याकडे वळवला की तो कळवळायचा. अतिनील किरणांनी कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, सगळ्यात वरच्या पेशी भाजतात. त्या लगेच मरत नाहीत, काही तासांनी गळायला लागतात आणि खालच्या नसा उघड्या पडतात. म्हणून दुखणं साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतं. वेल्डिंग करणाऱ्यांचे डोळे रात्री 'लागतात' ते याच कारणाने. डोळ्यात काही खुपतंय हे कळेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं, त्यामुळे 'त्रास झाला की गॉगल लावू' हा बेत इथे चालत नाही.

त्याने कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या होत्या, त्या आधी काढायला लावल्या. मग गार पाण्यात भिजवलेलं फडकं मिटलेल्या डोळ्यांवर, साधे ओलावा देणारे थेंब, पोटातून पॅरासिटामॉल, आणि तंबूत अंधार. डोळे चोळायचे नाहीत हे त्याला सारखं बजावावं लागत होतं. डोळे सुन्न करणारे थेंब एकाच्या औषधपेटीत निघाले, ते आम्ही वापरले नाहीत. त्यांनी दुखणं क्षणात थांबतं, पण पुन्हा पुन्हा घातले तर कॉर्निया भरून यायला उशीर होतो. स्टेरॉइडचे थेंबही डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घालायचे नाहीत. पेशी आपसूक भरून येतात, साधारण एक ते तीन दिवसांत. दुसरा दिवस त्याच जागी गेला. तिसऱ्या दिवशी त्याला दोघांच्या मध्ये घेऊन सावकाश उतरवलं. एका माणसाचे डोळे गेले की अख्खा गट उंचावर अडकतो. अन्न, इंधन, हवामान, सगळ्यांचं गणित बिघडतं.

एक फरक लक्षात ठेवा. हिमांधत्व बहुधा दोन्ही डोळ्यांना होतं आणि ते फार दुखतं. उंचीवर अजिबात न दुखता दिसायला धूसर झालं, एक वस्तू दोन दिसू लागली किंवा एकाच डोळ्यासमोर डाग आला, तर त्याला हिमांधत्व समजून तंबूत झोपून राहू नका. ते उंचीच्या आजाराचं किंवा डोळ्याच्या आतल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. अशा माणसाला खाली उतरवायचं.

धुक्यात हे घडलंच कसं, याचं उत्तर साधं आहे. पातळ ढगातून अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात पार होतात. वर उंची. दर हजार मीटरला अतिनील प्रमाण सुमारे १० ते १२ टक्के वाढतं, म्हणजे फ्रेंडशिपच्या माथ्यावर ते समुद्रसपाटीच्या दीडपटीपेक्षा जास्त होतं. त्यात बर्फ. गवत किंवा माती १० टक्क्यांहून कमी अतिनील परत फेकते, समुद्रकिनाऱ्यावरची कोरडी वाळू सुमारे १५, आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. सह्याद्रीत ऊन वरून येतं, तेव्हा भुवया, पापण्या आणि टोपीची झालर मिळून डोळा बऱ्यापैकी झाकतात. बर्फावर तोच प्रकाश खालून येतो, आणि खालच्या बाजूला शरीराने काहीच आडोसा दिलेला नाही.

पायाखाली बर्फ नसला तरी उंचीवर डोळे सुटत नाहीत. ४ जून १९२४ ला एडवर्ड नॉर्टन एव्हरेस्टच्या उत्तर बाजूने, ऑक्सिजनशिवाय, सुमारे ८,५७० मीटरपर्यंत पोचले. वाट बहुतेक खडकावरून होती आणि पाऊल नीट दिसावं म्हणून त्यांनी गॉगल काढला होता. त्याच रात्री नॉर्थ कोलच्या कॅम्पवर त्यांना हिमांधत्व आलं आणि ते सुमारे साठ तास टिकलं. त्यांचे सोबती मॅलरी आणि अर्विन शेवटच्या चढाईला निघाले तेव्हा मोहिमेचा हा प्रमुख तंबूत डोळे मिटून पडलेला होता. गटातल्या कुणी 'मोरेनवर तर खडकच आहे' म्हटलं, की मी हा प्रसंग सांगतो.

आता गॉगल. पुण्यातल्या दुकानांतून आणि ओळखीच्या गिर्यारोहकांकडून वेगवेगळे नमुने आणून महिनाभर पारखतोय. काच अतिनील किरण ४०० नॅनोमीटरपर्यंत पूर्ण अडवणारी हवी, ही पहिली अट. हा गुण रंगावर अवलंबून नाही. चांगल्या पॉलिकार्बोनेटची पारदर्शक काचही जवळजवळ सगळे अतिनील अडवते, आणि रस्त्यावरच्या स्वस्त गॉगलची काळीकुट्ट काच ते आत सोडू शकते. अशी काच साध्या डोळ्यापेक्षाही घातक ठरू शकते, कारण अंधारलेल्या काचेमागे आपण डोळे बारीक करत नाही आणि बाहुलीही मोठी होते. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत अतिनील मोजायचं छोटं यंत्र असतं, दोन मिनिटांत तपासून देतात. नोटा तपासायचा निळा दिवा घेऊन घरीही पाहिलं: पाचशेच्या नोटेवरचे अंक त्या दिव्यात चमकतात, काच मधे धरली की चमक विझायला हवी. पण तो ढोबळ अंदाज आहे. त्या दिव्यातून थोडा जांभळा दृश्य प्रकाशही येतो, त्यामुळे चमक किंचित उरली म्हणून काच लगेच बाद करू नका. यंत्रावर तपासून घ्या.

काळेपणा श्रेणीत मोजतात आणि आकडा बहुधा दांडीच्या आत छापलेला असतो. श्रेणी ३ दिसणाऱ्या प्रकाशापैकी ८ ते १८ टक्के आत सोडते, श्रेणी ४ फक्त ३ ते ८ टक्के. उघड्या हिमनदीवर लख्ख उन्हात ४ हवी. ती घालून गाडी मात्र चालवायची नाही. ढगाळ दिवशी ४ मधून बर्फातले उंचसखल दिसत नाहीत, आणि मग माणूस गॉगल वर सरकवतो. आमच्या सोबत्याने तो बाष्पामुळे सरकवला होता, पण परिणाम तोच. म्हणून मी श्रेणी ४ चा मुख्य गॉगल आणि वाऱ्या-धुक्यासाठी श्रेणी २ चा फिकट स्की गॉगल अशी जोडी घेतोय. दोघांचं अतिनील संरक्षण सारखंच.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बसणीवर. गच्चीवर भर दुपारी पांढरी चादर अंथरली, तिच्यावर उभा राहिलो आणि एकेक गॉगल लावून खाली पाहिलं. गालाच्या बाजूने उजेडाची पट्टी दिसली की तो गॉगल बाद. मग सूर्याकडे पाठ केली. काचेच्या आतल्या बाजूला स्वतःच्याच पापण्यांचं प्रतिबिंब दिसलं, तर मागून प्रकाश शिरतोय. कानाकडून तिरपा येणारा असा प्रकाश कॉर्नियाच्या वक्रतेमुळे वळून नाकाकडच्या कडेवर एकवटतो, त्यामुळे बाजूची फट छोटी असली तरी सोडायची नाही. नाकाचा पूल बसका असलेल्यांना युरोपीय फ्रेम बऱ्याचदा गालावर टेकते आणि वरून उघडी राहते. नाकाजवळच्या गाद्या वाकवता येणाऱ्या असतील तर हे सुधारतं.

नुसता वळणदार गॉगल घ्यावा की बाजूच्या झडपांचा? वळण पुरेसं असेल आणि चादरीच्या कसोटीत टिकला, तर झडपा नसल्या तरी चालतील. झडपा असतील तर त्यांना हवा जायला बारीक वाट हवी, नाहीतर चढावर घामाने काच धुरकटते. मी प्रत्येक गॉगल लावून, बफ नाकावर ओढून, पाठीवर वजन घेऊन पर्वतीच्या पायऱ्या चढलो. दोन नमुने तिथेच गळले. बफ नाकाखाली ठेवून नाकावर फ्रेमला लावायची वेगळी पट्टी वापरली, तर बाष्प बरंच कमी होतं.

पोलराइज्ड काच मी टाळली. चकाकी छान मारते, पण निळ्या, घट्ट बर्फाची चमकही पुसते, आणि पाय घसरण्याआधी तीच दिसायला हवी. घड्याळाचा पडदाही काही कोनांतून काळा दिसतो. चष्मेवाल्यांसाठी आत नंबरची फ्रेम बसवता येणारे गॉगल मिळतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा सोबत ठेवायचाच, कारण डोळे लागले तर लेन्स घालता येणार नाही.

दोरी प्रत्येक गॉगलला हवीच, आणि एका दोरावरच्या माणसांमागे एक जादा गॉगल. जादाही हरवला तर पुठ्ठा किंवा टेप डोळ्यांसमोर बांधून त्यात आडवी बारीक फट कापायची. पूर्वी तिबेटकडचे लोक याकच्या केसांची पट्टी डोळ्यांवर बांधत. दिसतं कमी, पण उतरण्यापुरतं पुरतं.

सामान वाहणाऱ्या पोर्टरदादांकडे बहुधा साधे बाजारी गॉगल असतात, कधी तेही नसतात. आमच्याइतकाच बर्फ तेही तुडवतात, बऱ्याचदा आमच्या आधी. म्हणून गटाच्या खर्चात त्यांच्यासाठी श्रेणी ४ चे गॉगल धरलेत, आणि ते मनालीत पहिल्याच दिवशी हातात द्यायचे आहेत.

अजून हेल्मेटखाली दांड्या कानामागे टोचतात का, हे पाहायचं राहिलंय. पुढच्या रविवारी हेल्मेट, बफ आणि गॉगल असं सगळं चढवून सिंहगड करणार आहे. माथ्याच्या दिवशी कधी लावायचा तेही ठरलंय: हेडटॉर्च बंद करण्याइतकं उजाडलं की लगेच, सूर्य डोंगराआड असला तरी. त्याआधीच्या अंधारात तो जॅकेटच्या आतल्या खिशात राहील, म्हणजे काच गार पडून बाष्प धरणार नाही.