कोटेशनच्या पत्रात न लिहिलेल्या गोष्टी

कराडजवळ तळमजला आणि वर एक मजला, मिळून 2000 चौरस फुटांचं घर. मालक निवृत्त शिक्षक. त्यांनी तीन दुकानांना सुबक अक्षरात पत्र पाठवलं होतं: ‘दोन मजली घरासाठी सिमेंट, स्टील व वाळूचे दर कळवावेत.’ तिघांची उत्तरं माझ्या टेबलावर आली, पण एकमेकांशेजारी ठेवून वाचताच येईनात. एकाने सळई नगावर दिली होती, दुसऱ्याने किलोवर. एकाची वाळू खेपेवर, दुसऱ्याची ब्रासवर. तिसऱ्याने जीएसटीचा उल्लेखच केला नव्हता. गुरुजींनी बेरीज करून सगळ्यात स्वस्त दुकानावर खूण केली होती.

त्या स्वस्त दुकानात 12 मिमीची सळई 640 रुपये नग होती. 12 मीटर लांबीच्या या सळईचं कागदावरचं वजन 10.66 किलो, म्हणजे भाव 60 रुपये किलो दिसतो. दुसरा दुकानदार प्रत्यक्ष वजनावर 61.50 सांगत होता. आम्ही पहिल्याकडची सळई काट्यावर ठेवली, तर ती भरली 10.15 किलो. म्हणजे खरा भाव 63 रुपये. यात कोणी फसवलं असं म्हणता येत नाही, कारण 12 मिमीला भारतीय मानकात लॉटच्या सरासरी वजनात 5 टक्क्यांपर्यंत फरक चालतो आणि 8 व 10 मिमीला 7 टक्क्यांपर्यंत. हलकी सळई नगावर विकली की तो फरक दुकानदाराच्या खिशात जातो, वजनावर घेतली की आपल्याकडे राहतो. कागदावरचं वजन काढायला व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करून 162 ने भागावा, एका मीटरचे किलो मिळतात. दुकानात हे सगळ्यांना पाठ असतं, पण गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. याचा मला राग येतो.

वाळूत फरक आणखी मोठा निघाला. ‘दोन ब्रासची खेप, 9,000 रुपये’ असं लिहिलं होतं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. त्या डंपरचा हौदा आतून मोजला: लांबी 10 फूट, रुंदी 6 फूट, उंची पावणेतीन फूट. म्हणजे 165 घनफूट, 1.65 ब्रास. भाव 4,500 नव्हे, जवळपास 5,450 रुपये ब्रास. मोजून देणारा 5,000 सांगत होता आणि तोच गुरुजींना महाग वाटला होता. मोजताना फाळका जिथवर भरलेला असेल तिथवरचीच उंची घ्यावी, मधला ढीग हिशेबात धरू नये. दमट वाळूचं आकारमानही फुगतं, म्हणून ओलसर वाळूच्या गाडीचं माप तसंच मान्य करू नये.

मग पत्र नव्याने लिहिलं. त्याचा मजकूर असा होता:

‘कराडजवळील दोन मजली घरासाठी खालील मालाचे दर कळवावेत. सिमेंट: पीपीसी, 50 किलोच्या 850 गोण्या, मागणीप्रमाणे दर वेळी 100 ते 150. गोणीवर छापलेला उत्पादनाचा आठवडा पोचण्याच्या दिवसापासून सहा आठवड्यांहून जुना नसावा. स्टील: एफई 500डी, आयएसआय मार्क, 8 मिमी 2.2 टन, 10 मिमी 1.3 टन, 12 मिमी 2.4 टन, 16 मिमी 1.6 टन, दर प्रत्यक्ष वजनावर किलोमागे, काट्याची पावती व कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट सोबत. वाळू: काँक्रीटसाठी धुतलेली क्रश सँड 20 ब्रास, प्लास्टरची बारीक वाळू 12 ब्रास, हौदा साइटवर मोजून. जीएसटी, भाडे व हमाली वेगळी दाखवावी. दर किती दिवस कायम राहील तेही लिहावे.’

सहा आठवड्यांची अट दुकानदारांना खटकते. पण सिमेंट हवेतली ओल शोषतं आणि तीन महिन्यांत त्याची बरीच ताकद जाते. म्हणून पावसाळ्यापूर्वी स्वस्त मिळतं म्हणून सगळ्या गोण्या एकदम भरणं मला पटत नाही. वाळूच्या दोन प्रकारांचंही तसंच. नुसतं ‘वाळू’ लिहिलं की स्लॅबलाही प्लास्टरची वाळू येऊन पडते. काँक्रीटमध्ये ती बारीक वाळू जास्त पाणी मागते आणि मिस्त्री नळी सोडून मोकळा होतो.

दुसऱ्या पत्राला दोघांनी रकान्यांप्रमाणे उत्तर दिलं. स्वस्त दुकानाने फोनवर सांगितलं, ‘गुरुजी, एवढं कोण लिहितं? आपला माणूस समजून दर लावतो.’ गुरुजींचा त्याच्याशी जुना घरोबा आहे, म्हणून सिमेंट त्याच्याकडूनच घ्यायचं त्यांनी ठरवलं. गोणीत वजनाचा घोळ कमी असतो आणि आठवडा छापलेलाच असतो, त्यामुळे मीही हरकत घेतली नाही. स्टील वजनावर देणाऱ्याकडे गेलं आणि वाळू हौदा मोजून देणाऱ्याकडे. पहिली गाडी येईल तेव्हा टेप घेऊन उभं राहायला गुरुजींच्या मुलीला सांगून ठेवलं आहे, कारण मिस्त्री चहा घेऊन परत येईपर्यंत हौदा रिकामा झालेला असतो.