लॅपटॉप त्यांचा, किल्ली आमच्याकडे

बारा दिवसांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचा सकाळी फोन आला. त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर चार दिवसांपासून निळी स्क्रीन होती आणि ती ४८ आकडी रिकव्हरी की मागत होती. यंत्र चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायॉस, अपडेट झालं होतं. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. त्याला असा बदल दिसला की तो डिस्क उघडून देत नाही, किल्ली मागतो. दुरुस्तीवाल्याने त्यांना सांगितलं, "ही की तुमच्या कंपनीकडे असेल."

"माझ्या पैशाने घेतलेल्या लॅपटॉपची किल्ली तुमच्याकडे कशी?" ते जरा चिडूनच बोलले.

कंपनीचे लॅपटॉप सांभाळणं हे माझं काम. देखरेखीच्या कन्सोलवर त्यांच्या नावाने शोधलं तर दोन यंत्रं दिसली. एक कंपनीचं, जमा झालेलं. दुसरं हे. त्याच्यापुढे मालकी लिहिली होती Corporate.

झालं असं होतं. नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना विंडोज विचारतं, `Set up for personal use` की `Set up for work or school`? घरून काम करायचं म्हणून त्यांनी दुसरा पर्याय निवडला आणि ऑफिसचा ईमेल टाकला. तेवढ्याने यंत्र आमच्या खात्यात सामील झालं, आपोआप आमच्या देखरेखीखाली आलं, डिस्क एनक्रिप्ट झाली आणि तिची किल्ली आमच्याकडे जमा झाली. पैसे कोणी दिले, हे त्या प्रणालीला माहीतच नसतं. तेच त्यांनी आधी स्वतःच्या खात्याने लॅपटॉप सुरू करून नंतर सेटिंग्जमध्ये ऑफिसचं खातं जोडलं असतं, तर तिथे Personal लागलं असतं.

स्क्रीनवरच्या की आयडीचे पहिले आठ अक्षर-आकडे त्यांनी वाचून दाखवले, माझ्याकडच्या नोंदीशी जुळले. किल्ली वाचून दाखवणारच होतो, तेवढ्यात त्याच ओळीत शेवटी लिहिलेलं दिसलं: Wipe, Pending.

पोटात गोळा आला. आदल्या संध्याकाळी माझ्या ज्युनिअरने साफसफाई केली होती. गेलेल्या माणसाच्या नावावर Corporate यंत्र आहे आणि ते परत आलेलं नाही, म्हणून त्याने ते पुसायचा हुकूम सोडला होता. Retire दाबलं असतं तर फक्त आमचा डेटा आणि आमच्या सेटिंग्ज गेल्या असत्या. Wipe म्हणजे फॅक्टरी रिसेट, सगळं साफ. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी. पोराला बोल लावायचा तर आधी मला लावावा लागेल, कारण निरोपाच्या चेकलिस्टमध्ये "हे यंत्र नक्की कुणाचं?" हा प्रश्न मी कधी घातलाच नव्हता.

यंत्र निळ्या स्क्रीनवर अडकलं होतं म्हणून वाचलं होतं. मी किल्ली देणार, विंडोज सुरू होणार, वायफाय लागणार आणि थोड्या वेळात हुकूम पोचणार.

त्यात एचआरचं वेगळंच. "सिस्टिममध्ये कॉर्पोरेट दिसतंय ना, मग की कशी देता येईल?" सिस्टिममध्ये दिसतं ते ब्रह्मवाक्य, ही आमच्याकडची जुनी खोड. मी बिल मागवलं. त्यावर त्यांचं नाव होतं आणि सिरीयल नंबर आमच्या नोंदीशी जुळत होता. मग साहेबांची लेखी परवानगी आली.

"आधी राउटर बंद करा," मी त्यांना सांगितलं. "वायफाय लॅपटॉपवरून बंद करू नका, राउटरच बंद करा." मग सहा-सहा आकड्यांचे आठ गट सावकाश वाचले. त्यांचं ऑफिसचं खातं आम्ही बंद केलं होतं, पण जुना पिन ऑफलाइन चालला. बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवून घेतलं, मग विंडोज नव्याने टाका म्हटलं, ह्या वेळी स्वतःच्या खात्याने.

कॉपी चालू असताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला माझं काय काय दिसत होतं?"

खरं ते सांगितलं. ह्या कन्सोलवरून फोटो, फाइली, पासवर्ड, ब्राउझरचा इतिहास दिसत नाही. कंपनीच्या मेलवर आणि चॅटवर जे लिहिलं ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं, लॅपटॉप कुणाचाही असो. आणि मालकी Corporate असल्यामुळे त्यांच्या लॅपटॉपवरच्या सगळ्या अ‍ॅपची नावं दिसत होती.

"सगळ्या?"

"सगळ्या."

ते गप्प झाले. त्या यादीत ग्लुकोमीटरचे आकडे उतरवून घेणारं एक सॉफ्टवेअर होतं. ऑफिसात त्यांनी कुणाला सांगितलं नसावं. मी त्याचा उल्लेख केला नाही, पण मला ते माहीत आहे हे त्यांना कळलं असावं.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला की सगळं सुरळीत आहे. मी ती नोंद काढून टाकायला बसलो. नोंद गेली की किल्लीही जाते, म्हणून ती चुकीची तर नाही ना, हे दोनदा तपासलं. आणि तपासायचं काहीही कारण नसताना ती अ‍ॅपची यादीही एकदा परत उघडली.