आमची वाटचाल : मजुरीचा तक्ता दोन ओळींवरून चार ओळींवर कसा गेला

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही ते लेथवर टर्निंग, बोअरिंग करून देतो. सामान ग्राहकाचं असल्यामुळे आमच्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा मजुरीचा. या लेखात आमच्या वाटचालीतला एकच धागा घेतला आहे. ठरवलेल्या मजुरीपेक्षा जास्त पैसे गेले की ते नेमके कशामुळे गेले हे शोधायची आमची पद्धत कशी बदलत गेली, तो.

सुरुवातीचा तक्ता दोन ओळींचा होता. एक ओळ दराच्या फरकाची, म्हणजे तासाला ठरवल्यापेक्षा जास्त पैसे दिले का. दुसरी कार्यक्षमतेच्या फरकाची, म्हणजे तेवढ्याच मालाला जास्त तास लागले का. पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा शिकवतात तेच हे दोन व्हेरिअन्स. ज्या महिन्यात काम सुरळीत चालतं त्या महिन्यात ते पुरतातही. पण आमच्याकडे खोळंबा आणि ओव्हरटाइम हातात हात घालून येतात. पंधरवडाभर कास्टिंगची वाट पाहायची आणि पुढचा पंधरवडा रात्री नऊपर्यंत लेथ चालवायचे. अशा महिन्यात दोन ओळींचा तक्ता बेरीज बरोबर दाखवतो, पण बोट भलतीकडे दाखवतो.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून एका महिन्याचा नमुना घेऊ. आठ कामगार, 25 दिवस, रोज आठ तास, म्हणजे साधे 1600 तास. त्यावर 120 तास ओव्हरटाइम. एकूण हजेरी 1720 तास. एका बेअरिंग हाउसिंगला ठरवलेला वेळ 30 मिनिटं आणि ठरवलेला दर तासाला 120 रुपये. महिन्यात 3040 नग पास झाले, म्हणजे 1520 तासांचं काम झालं. त्याची ठरवलेली मजुरी 1,82,400 रुपये. प्रत्यक्षात साधा दर 123 रुपये पडला. कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणून 1720 तासांचे 2,11,560 आणि ओव्हरटाइमच्या 120 तासांचे वरचे 14,760, मिळून 2,26,320 रुपये वाटले. फरक 43,920 रुपयांचा. पीएफ, बोनस वगैरे इथे मुद्दाम बाजूला ठेवले आहेत.

जुन्या तक्त्यात याची विभागणी अशी व्हायची : दराचा फरक 19,920 आणि कार्यक्षमतेचा 24,000. तो वाचणारा माणूस म्हणणार, पगार हाताबाहेर चाललेत आणि कामगार 200 तास हळू चाललेत. दोन्ही खोटं आहे. त्या 200 तासांत कामगार 140 तास मशीनसमोर उभेच होते, कारण 90 तास कास्टिंग नव्हतं, 30 तास वीज नव्हती आणि 20 तास एक लेथ बंद होता. दरातल्या 19,920 पैकी 14,760 हा नुसता ओव्हरटाइमचा वरचा पैसा आहे. साधा दर फक्त तीन रुपयांनी चुकला होता.

म्हणून तक्ता चार ओळींचा केला. दराचा फरक काढताना सगळे 1720 तास फक्त साध्या दराने मोजायचे : तासाला 3 रुपये, म्हणजे 5,160. ओव्हरटाइमच्या वरच्या पैशाला वेगळी ओळ : 14,760. खोळंब्याचे 140 तास ठरवलेल्या दराने : 16,800. उरलेल्या 1580 कामाच्या तासांतून 1520 वजा केले की 60 तास उरतात, त्यांचे 7,200. हा खरा कार्यक्षमतेचा फरक. चारही मिळून पुन्हा 43,920. खोळंब्याला 123 नव्हे तर 120 चाच दर लावायचा, कारण त्या तासांवरचे तीन रुपये पहिल्या ओळीत आधीच आले आहेत. इथे गल्लत झाली तर बेरीज 420 रुपयांनी चुकते आणि ती लगेच कळते.

सगळ्या चुका मात्र अशा लगेच कळत नाहीत. या पद्धतीत सर्वांत घातक चूक बेरजेला धक्काच लावत नाही. पगारपत्रकात दुप्पट दर दाखवायची एक सोपी रीत आहे : ओव्हरटाइमचे तासच दुप्पट लिहायचे. 120 तासांचे 240 केले आणि साध्या दराने गुणले की पगार बरोबर निघतो. पण तेच पत्रक उचलून तक्त्यात टाकलं की हजेरी 1840 तासांची होते. मग दराचा फरक 5,520, ओव्हरटाइमची ओळ शून्य, खोळंबा तोच 16,800, आणि कार्यक्षमतेचा फरक 7,200 ऐवजी 21,600. बेरीज 43,920. एक रुपयाही इकडे-तिकडे नाही. फोरमनच्या माथी मात्र न केलेली 14,400 रुपयांची दिरंगाई बसते. यावर उपाय एकच : तास पगारपत्रकातून घ्यायचेच नाहीत, गेटवरच्या हजेरीतून घ्यायचे. माणसं गुणिले दिवस गुणिले आठ, अधिक ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्यांवरचे घड्याळी तास. दोन आकडे जुळले नाहीत तर पुढे जायचं नाही.

दुसरी अडचण खोळंब्याच्या नोंदीची. आमच्या 30 मिनिटांत कटिंग 24 मिनिटं, जॉब चढवणं-उतरवणं-मापणं 3 मिनिटं, आणि टूलला धार लावणं, पाणी-चहा यांची सवलत 3 मिनिटं असा हिशोब आहे. आता कुणी टूल ग्राइंडिंगला गेलेली दहा मिनिटं खोळंबा म्हणून लिहिली, तर ती दोनदा मोजली जातात : एकदा नगाच्या वेळेत आणि एकदा खोळंब्यात. खोळंबा फुगतो आणि कार्यक्षमता आहे त्याहून चांगली दिसते. काम हळू झालेला माणूस आपला उरलेला वेळ खोळंब्यात ढकलू लागतो. यात त्याच्या वाईट हेतूपेक्षा जॉब कार्डाच्या रचनेचाच दोष जास्त असतो. आम्ही पंधरा मिनिटांची रेघ मारली. त्याहून कमी थांबणं नगाच्या वेळेत धरलेलं आहे. त्याहून जास्त असेल तर कार्डावर सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि कारण, आणि ते त्याच पाळीत फोरमनची सही घेऊन. आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेल्या कार्डांत सगळे खोळंबे अर्ध्या तासाचे किंवा एक तासाचे असतात. असे गोल आकडे दिसले की ते कार्ड विश्वासाचं नाही असं आम्ही धरतो.

काही ठिकाणी नेहमीचा खोळंबा नगाच्या वेळेत न धरता दरातच चढवतात. खोळंबा पाच टक्के धरला तर 120 ला 0.95 ने भागून 126 रुपये 32 पैसे, असं. तेही चालतं. दोन्हीकडे धरलं तर मात्र ठरवलेली मजुरी फुगते आणि सगळे फरक गोड दिसायला लागतात.

चार ओळी झाल्यावरही एक प्रश्न उरला, आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. ओव्हरटाइम कुणामुळे झाला? तक्त्यात तो स्वतंत्र ओळ म्हणून उभा असतो, पण त्याला आई-बाप असतात. कामाला प्रत्यक्ष 1580 तास लागले. साधे तास 1600 होते. म्हणजे काहीच खोळंबलं नसतं तर एकही तास ओव्हरटाइम लागला नसता. वरचे 14,760 रुपये खोळंब्याचंच दुसरं बिल आहे, फक्त पंधरा दिवस उशिरा आलेलं.

एकट्या कास्टिंगच्या उशिराची किंमत काढायची तर तो उशीर झाला नाही असं धरून हिशोब पुन्हा करायचा. कामाचे 1580 आणि बाकीच्या खोळंब्याचे 50, मिळून 1630 तास. ओव्हरटाइम 120 वरून 30 वर येतो. वाचलेल्या 90 तासांचा वरचा पैसा 11,070 आणि खोळंब्याचे, ठरवलेल्या दराने, 10,800, मिळून 21,870 रुपये. दोन ओळींच्या तक्त्यात हा आकडा कुठेच नव्हता. अर्धा दरात लपला होता, अर्धा कार्यक्षमतेत.

या रीतीला एक मर्यादा आहे. प्रत्येक कारण असं एकेक करून काढलं तर 90, 30 आणि 20 मिळून 140 तास वाचल्याचं दिसतं, पण ओव्हरटाइम तर 120 च होता. जे कारण आधी काढाल त्याला पूर्ण वाटा जातो, शेवटच्याला उरलंसुरलं. त्यामुळे एका कारणाची किंमत विचारायची असेल तर ही रीत वापरावी. सगळ्यांत वाटणी करायची असेल तर ओव्हरटाइमच्या चिठ्ठीवर मंजुरीच्या वेळीच कारण लिहून घ्यावं आणि त्यावरून वाटावी.

ग्राहकाने घाई केली म्हणून केलेला ओव्हरटाइम यात येतच नाही. तो त्या जॉबच्या खर्चात जातो आणि शक्य तिथे दरपत्रकात. मजुरीच्या हिशोबासाठी असलेलं सीएएस-7 हे मानकही वरचा पैसा परिस्थितीप्रमाणे थेट जॉबवर किंवा ओव्हरहेडमध्ये टाकू देतं, आणि असाधारण कारणाने झालेला मोठा, मोजता येणारा खर्च मजुरीच्या खर्चाबाहेर ठेवायला सांगतं.

कार्यक्षमतेच्या 60 तासांकडेही आम्ही आता दोन भागांत पाहतो. नमुन्यात ओव्हरटाइमच्या 120 तासांत 204 नग निघाले, म्हणजे 102 तासांचं काम, 18 तासांची तूट. दिवसाच्या 1460 तासांत 2836 नग, म्हणजे 1418 तासांचं काम, 42 तासांची तूट. शेकड्यात दिवसाची तूट तीनच्या आत आणि संध्याकाळची पंधरा. आठ तास उभं राहिलेल्या माणसाकडून नवव्या-दहाव्या तासाला तोच वेग निघत नाही, मापं पुन्हा तपासावी लागतात. या 18 तासांचे 2,160 रुपये तक्त्यात कार्यक्षमतेच्या ओळीतच राहतात, पण फोरमनला जाब विचारताना ते वगळायचे. त्यासाठी ओव्हरटाइमचे नग वेगळ्या क्रेटमध्ये मोजावे लागतात. नाहीतर सकाळी पहिल्या पाळीच्या मोजणीत ते मिसळतात आणि संध्याकाळची तूट दिवसावर पसरते.

या आकड्यांचा उपयोग खरेदीच्या टेबलावर झाला. ग्राहकाचं कास्टिंग उशिरा येतं, तर काही नग आपणच आधी घेऊन ठेवावेत का? नगाला 900 रुपये धरले तर 200 नगांत 1,80,000 अडकतात. वर्षाला 12 टक्के व्याज धरलं तर महिन्याला 1,800 रुपये. 200 नग म्हणजे 100 तासांचं काम, म्हणजे 90 तासांचा खोळंबा झाकला जातो. 1,800 विरुद्ध 21,870. पण हे एकाच पॅटर्नचा, म्हणजे एकाच प्रकारच्या कास्टिंगचा, खोळंबा असेल तेव्हाच. कार्डांवर खोळंब्याच्या कारणापुढे पॅटर्न नंबर लिहायला लावला तेव्हा दिसलं की 90 पैकी 70 तास दोन पॅटर्नचे होते आणि उरलेले 20 पाच वेगवेगळ्या पॅटर्नचे. त्या दोघांचे 70-70 नग आता रॅकवर असतात, बाकीच्यांचे नाहीत.