एका रोजकीर्दीची पाच पुस्तकं झाली तेव्हा: माझा अनुभव

१९९६ साली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना मला नाशिकच्या भांडी बाजारात एका ठोक विक्रेत्याकडे दुपारचं लिखाणकाम मिळालं. तांब्या-पितळेची भांडी, गिऱ्हाईक सगळं आसपासच्या तालुक्यांतले दुकानदार, आणि व्यवहार बहुतेक उधारीचा. दुकानात संगणक नव्हता. रोखीसाठी रोख पुस्तक होतं. बाकी उधारीचं जे काही असेल ते एकाच जाडजूड रोजकीर्दीत तारखेवार उतरायचं आणि मग तिथून खातेवहीत.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत त्या एका वहीचे हाल बघण्यासारखे असत. दिवाणजी ती मांडीवर घेऊन बसले की शेठच्या मुलाला बिल नोंदवता येत नसे, आणि मुलाने घेतली की दिवाणजींची खतावणी, म्हणजे खातेवहीत रकमा चढवणं, थांबे. त्यात प्रत्येक नोंद पुरी लिहायची: गिऱ्हाइकाचं खाते नावे, विक्री खाते जमा, खाली स्पष्टीकरण "अमुक बीजकाप्रमाणे माल उधार विकला". शंभर बिलं म्हणजे 'विक्री खाते' हे शब्द शंभरदा रोजकीर्दीत आणि वर शंभर ओळी खातेवहीतल्या विक्री खात्यात. हिशेब तपासायला येणाऱ्या सी.ए.नी वही चाळली आणि म्हणाले, "दिवाणजी, विक्री वेगळी काढा, खरेदी वेगळी काढा, परतीचं वेगळं. ही मुलगी शिकलीय, तिच्याकडून करून घ्या." दिवाणजी माझ्याकडे बघून म्हणाले, "काढ बाई. पण तेरीज जुळली पाहिजे." तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची यादी, दोन्हींची बेरीज सारखी यायला हवी.

विक्री पुस्तक आखायला फार अक्कल लागत नाही. तारीख, गिऱ्हाईक आणि मालाचा तपशील, बीजक क्रमांक, खातेपान आणि रक्कम. विक्रीकराचा रकाना वेगळा होता. तो इथे बाजूला ठेवते. नावे-जमा असे दोन रकाने मात्र या पुस्तकात नाहीत, आणि दिवाणजींची पहिली हरकत तीच होती. "अगं, एकच रक्कम? दुसरी बाजू कुठंय?" ते विचारत राहिले. उत्तर खतावणीत आहे, म्हणून ऑक्टोबरचं पानच दाखवते. बिलं समजायला सोपं जावं म्हणून पाचच घेतली आहेत.

३ तारखेला सिन्नरवाल्यांना तांब्याचे दहा हंडे, दर ६०० रुपये. बिलाची रक्कम ६,००० झाली, त्यातून ५ टक्के व्यापारी सूट ३०० गेली. पुस्तकाच्या रकमेच्या रकान्यात ५,७००. ही सूट खातेवहीत कुठेच दिसत नाही, कारण ती किंमत ठरण्याआधीच वजा झालेली असते. पुढे ९ ला निफाडवाले ८,४००, १४ ला येवलेवाले ३,९००, २१ ला पुन्हा सिन्नरवाले ४,५००, २८ ला दिंडोरीवाले २,५००. महिनाअखेरची बेरीज २५,०००.

आता खतावणी. बिल पुस्तकात चढलं की त्याच दिवशी त्या गिऱ्हाइकाच्या खात्यात नावे बाजूला ती रक्कम टाकायची. सिन्नरवाल्यांच्या खात्यावर ३ तारखेला ५,७०० नावे, २१ ला ४,५०० नावे. म्हणजे त्यांच्याकडून येणं १०,२००. हे रोजच्या रोज व्हायला हवं, कारण सिन्नरचा माणूस कधीही दुकानात येऊन "माझं किती निघतं?" विचारू शकतो. विक्री खात्याची अशी घाई कुणालाच नसते. विक्री खातं काही दारात येऊन उभं राहत नाही! म्हणून तिथे महिनाभर काहीच लिहायचं नाही. ३१ तारखेला जमा बाजूला एकच ओळ: "विक्री पुस्तकाप्रमाणे विविध खाती, २५,०००". दिवाणजींची दुसरी बाजू ती हीच. पाच खतावण्या नावे आणि एक जमा. नाव्याची बेरीज २५,०००, जमेची २५,०००. जुन्या पद्धतीत या पाच बिलांच्या दहा खतावण्या झाल्या असत्या, इथे सहा झाल्या. शंभर बिलांच्या महिन्यात दोनशेच्या जागी एकशे एक.

विक्री पुस्तक म्हणजे विक्री खातं नव्हे, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवावं लागतं. पुस्तक ही पहिली नोंद. खातं खातेवहीत असतं. नावं सारखी असल्यामुळे नवखा माणूस पुस्तकाची बेरीज हेच खातं समजतो आणि ३१ तारखेची ती ओळ टाकायचीच राहते.

खातेपानाच्या रकान्याचा उपयोग मला दिवाणजींनी शिकवला, तो कॉलेजात कुणी सांगितला नव्हता. खातेवहीत सिन्नरवाल्यांचं पान ६४ असेल, तर विक्री पुस्तकात त्या बिलासमोर ६४ लिहायचं, आणि खात्यात त्या ओळीसमोर "वि. ४२", म्हणजे विक्री पुस्तकाचं ४२ वं पान. पण आकडा घालायचा तो खात्यात रक्कम चढवल्यानंतरच, आधी नाही. मग संध्याकाळी रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी कळतं: जिथे जागा रिकामी, ते बिल खतवायचं राहिलं. आधीच आकडे भरून ठेवणारा माणूस ही खूण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.

त्या महिन्यात निफाडवाल्यांनी दोन पितळी घागरी परत पाठवल्या, सांध्यातून पाणी झिरपत होतं. किंमत ६००. येवल्याहून ४०० चा एक डबा परत आला. शेठ म्हणाले, "विक्रीतूनच वजा करून टाका की." तसं केलं तर विक्री २४,००० दिसते, पण १,००० चा माल परत आला ही गोष्ट वहीतून नाहीशी होते. पुढच्या दिवाळीत घागरी कोणाकडून घ्यायच्या नाहीत, हे त्याच १,००० वरून ठरणार असतं. म्हणून परत आलेल्या मालाचं वेगळं पुस्तक केलं. गिऱ्हाइकाला आपण जमा चिठ्ठी द्यायची, तिचा क्रमांक पुस्तकात लिहायचा, त्याच्या खात्यात ती रक्कम जमा करायची, आणि महिनाअखेरीस बेरीज विक्री परत खात्याच्या नावे.

आता ताळा बघा. सिन्नर १०,२००, निफाड ७,८००, येवला ३,५००, दिंडोरी २,५००. एकूण येणं २४,०००. विक्री २५,००० वजा परत १,०००, तेही २४,०००. महिन्यात रोख वसुली झाली असती तर ती रोख पुस्तकातून आणखी वजा झाली असती. हा ताळा एकाच रोजकीर्दीतून काढायचा म्हणजे खरेदी, भाडं, दुरुस्ती सगळ्यातून विक्रीच्या ओळी वेचत बसायचं.

खरेदीकडे सगळं उलट. भंडाऱ्याहून पितळेचा माल उधार आला की माल देणाऱ्याचं खातं जमा, आणि महिन्याची बेरीज खरेदी खात्याच्या नावे. खराब माल त्यांना परत पाठवला तर नावे चिठ्ठी जोडायची, त्यांचं खातं नावे, बेरीज खरेदी परत खात्यात जमा. दिवाणजी यासाठी एकच प्रश्न विचारत: "त्या माणसाला आपण देणं लागतो का तो आपल्याला?" त्या माणसाची बाजू ठरली की बेरजेची बाजू समोरची.

या चारही पुस्तकांत फक्त विकण्याचा माल आणि फक्त उधारी. दुकानासाठी नवा वजनकाटा उधार घेतला तेव्हा शेठच्या मुलाने तो खरेदी पुस्तकात चढवायला घेतला होता. तसं झालं असतं तर महिनाअखेरीस काट्याची किंमत भांड्यांच्या खरेदीत मिसळून गेली असती, आणि नफा तेवढा कमी दिसला असता. काटा विकायचा नव्हता, वापरायचा होता. त्याची नोंद मुख्य रोजकीर्दीत, नावे-जमा दोन्ही लिहून. ज्या नोंदीला कुठल्याच पुस्तकात जागा नाही ती तिथे जाते: जुनं कपाट उधार विकणं, बुडीत रक्कम काढून टाकणं, चूक दुरुस्त करणं. जाडजूड वही अशी एकदम रोड झाली.

तरी ऑक्टोबरची तेरीज पहिल्या फेरीत जुळली नाहीच. नावे बाजू २,७०० ने जास्त. जुन्या पद्धतीत अशा वेळी पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागायची. इथे दिवाणजी आधी फरकाकडेच बघत बसले. "२,७०० ला नवाने भाग जातो," म्हणाले, "कुठेतरी आकडे उलटसुलट झालेत." दोन शेजारचे आकडे अदलाबदल झाले की फरकाला नवाने पूर्ण भाग जातोच. भाग गेला म्हणजे दर वेळी हेच कारण असतं असं नाही, पण शोधायला जागा मिळते. गिऱ्हाइकांची खाती बिलांशी ताडून पाहिली, सगळी बरोबर. मग चूक राहिली फक्त बेरजेत. ४२ वं पान निफाडच्या बिलापाशी संपत होतं. तिथली बेरीज १४,१०० होती आणि पुढच्या पानावर ओढताना शेठच्या मुलाने ११,४०० लिहिली होती. त्यामुळे विक्री खात्यात २५,००० ऐवजी २२,३०० जमा झाले होते. एका पानावरून दुसऱ्यावर बेरीज ओढणं ही या पुस्तकांची सगळ्यात कच्ची जागा. म्हणून पुढे नियमच केला: एकाने ओढायची, दुसऱ्याने वाचून दाखवायची.

दुसरी चूक मात्र तेरजेने दाखवली नाही, दाखवणारही नव्हती. घागरींचे ६०० निफाडऐवजी येवल्याच्या खात्यात जमा झाले होते. जमा ती जमाच, बेरीज जशीच्या तशी. म्हणून सगळी तेरीज बिनबोभाट जुळली. वरचा एकूण येण्याचा ताळासुद्धा २४,००० च आला. निफाडवाल्यांना खातेउतारा गेला तेव्हा त्यांचा निरोप आला, "घागरी परत केल्या, त्याचे पैसे कुठे गेले?" मुख्य रोजकीर्दीत एक नोंद करून ते दुरुस्त झालं: येवलेवाले नावे ६००, निफाडवाले जमा ६००. बिलच पुस्तकात चढवायचं राहिलं तरी असंच होतं. दोन्ही बाजू एकदमच गायब असतात, तेरीज बिचारी काय पकडणार? त्यासाठी बीजक क्रमांक सलग आहेत का ते बघणं हा एकच उपाय आम्हाला सापडला. ४१५ नंतर थेट ४१७ दिसला की दिवाणजी बिलबुक मागवायचे.

आता मी टॅलीवर काम करते. F8 दाबून विक्री, F9 दाबून खरेदी, F7 वर मुख्य रोजकीर्दीच्या नोंदी. परतीसाठी क्रेडिट नोट आणि डेबिट नोट. खतावणी ते आपसूक करतं, पान ओढायची भानगड नाही. पण चुकीच्या पार्टीचं नाव निवडलं तर तिथेही तेरीज जुळतेच, आणि वजनकाटा F9 मधून खरेदी खात्यात टाकला तरी ते मुकाट्याने घेतं. माझ्या हाताखालच्या मुलांना मी म्हणूनच महिनाअखेरीस पार्टीवार उतारे काढायला आणि खरेदीचं रजिस्टर ओळीने वाचायला लावते.