तुम्ही विचारलंत म्हणून: स्पाइक्ससाठीचं पत्र

«मॅडम, मुलीच्या किटसाठी ओळखीच्या एका दुकानदाराला पत्र द्यायचंय. मेडल्सची यादी जोडली की झालं ना? अजून काय लिहायचं?»

पदकांची यादी सगळ्यात शेवटी, दोन ओळींत उरकायची. त्याआधी सीझनच्या वेळांचा तक्ता हवा, तोही पाच-सहा ओळींचाच.

शिवाजी पार्कला मी मुलांना ॲथलेटिक्स शिकवते, आणि पावसाळा तोंडावर आला की कुणाचे ना कुणाचे आईबाबा असं पत्र घेऊन कट्ट्याशी येतात. मजकूर बहुतेक ठरलेला असतो: ‘मला लहानपणापासून खेळाची आवड आहे, मी अनेक पदके पटकावली आहेत, घरची परिस्थिती बेताची आहे, तरी सढळ हस्ते मदत करावी.’ वाचणाऱ्याला यातून एवढंच कळतं की पैसे हवेत. किती हवेत, कशासाठी, दिल्यावर काय होणार, हे त्यात नसतंच. मग तो खिशातून पाचशेची नोट काढतो, पाठ थोपटतो आणि विषय मिटवतो. त्याला दोष देता येत नाही.

एका मुलीचं पत्र आम्ही दोघींनी बसून नव्याने लिहिलं, तेच सांगते. वय 16, शर्यत 400 मीटर. ज्यांना पत्र द्यायचं ते दादरचे केटरिंगवाले काका, तिच्या वडिलांच्या ओळखीचे. पहिल्या खर्ड्यात तिने ‘माझी सर्वोत्तम वेळ 62.9’ असं ठळक लिहिलं होतं. मी विचारलं, कुठे पळालीस? तर सरावात, मैत्रिणीने मोबाइलवर लावलेली वेळ. ती आम्ही काढून टाकली. सरावात ‘गो’ कोण म्हणतं, घड्याळ कधी दाबतं, रेषा नक्की कुठे आहे, कशालाच धरबंध नसतो. पुढे कुणी निकालपत्रक मागितलं की हाच आकडा पहिल्यांदा उघडा पडतो.

मग स्पर्धेतल्या वेळा तारखेच्या क्रमाने मांडल्या:

ऑगस्ट: माती, स्टॉपवॉच, 66.8
ऑक्टोबर: माती, स्टॉपवॉच, 65.1
नोव्हेंबर: माती, स्टॉपवॉच, 66.0 (आधीच्या पंधरवड्यात ताप)
डिसेंबर: सिंथेटिक, इलेक्ट्रॉनिक, 63.92
जानेवारी: सिंथेटिक, इलेक्ट्रॉनिक, 63.47

मैदान आणि घड्याळ हे दोन रकाने मुलं हमखास गाळतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. स्टॉपवॉच धरणारा माणूस बंदुकीचा धूर बघून बटण दाबतो, म्हणजे घड्याळ जरा उशिरानेच सुरू होतं आणि वेळ आहे त्याहून चांगली दिसते. म्हणून 400 मीटरला स्टॉपवॉचची वेळ इलेक्ट्रॉनिकशी ताडायची तर तिच्यात 0.14 सेकंद मिळवायची पद्धत आहे. 100 आणि 200 मीटरला 0.24. हे झालं सराईत टाइमकीपरचं. शाळेच्या स्पर्धेत घड्याळ पीटीच्या सरांनी नेमलेल्या दहावीतल्या पोराच्या हातात असेल, तर फरक किती पडेल ते त्या पोरालाच ठाऊक! शिवाय पावसाने बसलेली माती आणि सिंथेटिक ट्रॅक यांत पायाला मिळणारा जोर वेगळा. म्हणून ‘सहा महिन्यांत 66.8 वरून 63.47 वर आले’ असं तिला लिहू दिलं नाही. त्या तीन सेकंदांतला काही भाग ट्रॅकचा आहे, तिचा नाही. पत्रात गेलं ते असं: ‘मातीवर ऑगस्ट ते ऑक्टोबर 1.7 सेकंदांची सुधारणा, सिंथेटिकवर डिसेंबर ते जानेवारी 0.45 ची.’ आकडे लहान झाले खरे, पण कुणी उलटतपासणी घेतली तरी टिकतील असे झाले.

नोव्हेंबरची ओळ काढूया, असं तिच्या आईचं म्हणणं होतं. मी ठेवायला लावली. पाचही वेळा चढत्या भाजणीत दिसल्या की हिशेबातला माणूस आधी संशय घेतो. गल्ल्यावर बसणाऱ्याला मंदीचा महिना माहीत असतो.

आता ध्येय. बऱ्याच पत्रांत ‘ऑलिम्पिकमध्ये देशाचं नाव उज्ज्वल करायचं आहे’ असतं. एकाने तर हिमा दासचा विक्रम मोडणार असं लिहिलं होतं, तोही मुलगा! (त्याला महिलांचा कुठला आणि पुरुषांचा कुठला, हेही कुणी सांगितलं नव्हतं.) हिमाने 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये 400 मीटर 50.79 सेकंदांत काढले होते. हिमा त्या वेगाने रेषा ओलांडेल तेव्हा आपली 63.47 वाली पोरगी तिच्या 80 मीटर मागे असेल. स्वप्न असावं, पण किटच्या पत्रात पुढच्या सीझनपुरतं बोलावं, आणि ते कुठून निघणार तेही सांगावं.

तिच्या बाबतीत ते सांगणं सोपं होतं. जानेवारीच्या शर्यतीत मी 200 मीटरच्या खुणेवर वेळ घेतली होती. पहिले 200 ती 29.6 ला गेली, दुसरे साधारण 33.9 ला. म्हणजे दोन भागांत सव्वाचार सेकंदांचा फरक. दुसरा भाग सगळ्यांचाच मंदावतो, पण फरक दोन-तीन सेकंदांत बसला की शर्यत नीट वाटून पळाली असं आम्ही धरतो. हिची शेवटच्या शंभरात खांदे वर येऊन पावलं आखडतात. वेग आहे, तो टिकत नाही. म्हणून पत्रात लिहिलं: ‘पहिल्या 200 मीटरचा वेग आहे तोच ठेवून दुसरे 200 मीटर 32.3 पर्यंत आणायचे आहेत. तसं झालं तर माझी वेळ 62 च्या आत येईल.’ 29.6 आणि 32.3 मिळून 61.9, बेरीज कुणीही करून बघावी.

काकांनी पत्र वाचून पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘अगं, पण हे 63 म्हणजे चांगलं की वाईट?’ हा प्रश्न येणारच, म्हणून त्याचं उत्तर एका वाक्यात आधीच लिहिलं होतं, फक्त जरा खाली राहिलं होतं: गेल्या वर्षी तिच्या गटात जिल्ह्यात तिसऱ्या आलेल्या मुलीची वेळ 62.8 होती. तुम्ही हे वाक्य तक्त्याच्या लगेच खाली घ्या. ज्या स्पर्धेला जायचंय तिचं मागच्या वर्षीचं निकालपत्रक मिळवा आणि आपली मुलगी त्यात कितवी आली असती ते बघा. क्रिकेटमध्ये सेंच्युरी म्हटलं की कुणालाही कळतं, आमच्याकडे ते समजावून द्यावं लागतं.

मागणीचा भाग मी सगळ्यात बारकाईने लिहून घेते. नुसतं ‘चांगले शूज’ लिहिलं की काय होतं ते मैदानावर पाहिलंय. एका भल्या माणसाने दुकानातले सर्वांत महागडे रनिंग शूज आणून दिले, जाड फोमचे, मॅरेथॉनवाले. ट्रॅकच्या शर्यतीत नोव्हेंबर 2024 पासून सोल 20 मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, रस्त्यावर 40 पर्यंत चालतो. त्या मुलाला ते शर्यतीत घालता येईनात, आणि देणाऱ्याला तसं सांगायची चोरी. म्हणून वस्तूचा प्रकार आणि माप लिहायचं: ‘400 मीटरसाठीचे स्प्रिंट स्पाइक्स, जास्तीच्या पिना आणि पिना बदलायची चावी.’ स्पाइक्सच्या तळाला बसवायच्या या पिना दोन लांबीच्या लागतात. सिंथेटिकवर आम्ही 6 मिलिमीटरच्या लावतो, नियमाने 9 च्या पुढे जाता येत नाही. ओल्या मातीत मात्र 6 च्या पिना धरतच नाहीत, तिथे लांब लागतात. म्हणजे मुंबईत मातीवर पळून पुढे राज्य स्पर्धेला बालेवाडीच्या सिंथेटिकवर उतरायचं, तर दोन्ही संच हवेत. पिना स्वस्त असतात, आणि म्हणूनच सगळे त्या विसरतात.

सरावाच्या शूजचा हिशेब तर दुकानदाराला लगेच पटतो. रनिंग शूज साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर साथ देतात, मग सोल वरून शाबूत दिसला तरी आतला फोम दबलेला असतो आणि नडगी दुखायला लागते. ही मुलगी वॉर्मअप धरून आठवड्याला 25 किलोमीटर पळते. दहा महिन्यांच्या सीझनचे हजारभर किलोमीटर झाले, म्हणजे दोन जोड. मग आकडे मांडले: स्पाइक्स 5,200, सरावाचे शूज 4,500 चे दोन, पिना-चावी 600, एकूण 14,800. शूजचा एक जोड वडील घेणार. काकांकडे मागणी 10,300 ची. घरचा वाटा लिहिलेला असला की मागणीला वजन येतं. पैसे हातात मागायचे नाहीत. धोबी तलावच्या खेळाच्या दुकानात मुलीला सोबत नेऊन मापाचे घालून बघायचे आणि बिल देणाऱ्याने थेट दुकानात भरायचं.

बदल्यात काय देऊ, हे मुलं फार सढळपणे लिहितात. ‘स्पर्धेत तुमच्या दुकानाचं नाव छातीवर घालून पळेन’ असं लिहू नका. स्पर्धेत शाळेचा किंवा जिल्ह्याचा बनियन असतो, वर नंबर, तिथे नाव घालणं तिच्या हातात नसतं. सरावाच्या टी-शर्टवर आणि बॅगवर नाव चालेल. फोटो त्यांच्या दुकानात लावायचा तर मुलगी अठराच्या आतली आहे, परवानगी आईबाबांची, पत्राखाली सहीही त्यांची. आणि ‘सीएसआरमधून द्यावे’ हे वाक्य कुठूनतरी उचललेलं असतं, ते काढा. नफ्यातला वाटा समाजकार्यावर खर्च करायचा तो कायदा वर्षाला पाच कोटी नफा किंवा हजार कोटी उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी आहे, केटरिंगवाल्या काकांचा त्याच्याशी संबंध नाही. ‘तुम्हाला 80जी खाली करसवलत मिळेल’ हेही लिहू नका. ती नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, एखाद्या मुलीला शूज घेऊन दिल्यावर नाही.

शेवटच्या परिच्छेदात तिने लिहिलं की प्रत्येक शर्यतीनंतर आठवडाभरात त्याच तक्त्यात नवी ओळ भरून पाठवीन, वेळ घसरली तरी. काका म्हणाले, सगळं नाही जमणार, एकच काहीतरी देतो, स्पाइक्स घे. आपल्याकडे देणाऱ्याला स्पाइक्सच द्यावेसे वाटतात, ते दिसतात. मी तिला सांगून ठेवलं होतं, एकच वस्तू मिळणार असेल तर सरावाचे शूज माग. आठवड्यातले पाच दिवस पाय त्यांत असतात, आणि जुन्या स्पाइक्सना नव्या पिना लावून अजून एक सीझन निघतो. तिने तसंच सांगितलं. काकांनी शूज दिले, पिनांचे सहाशे वर घातले.